पगाराचं पहिल्याच मेसेजला विचारू का?

मी खानापूर तालुक्यातला. डिप्लोमा मेकॅनिकल. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पार्टच्या मशीनिंगच्या एका युनिटमध्ये पाच वर्षं क्वालिटीला आहे. सीटीसी ४ लाख २० हजार, हातात ३०,५०० येतात. मध्ये पुण्याच्या एका कन्सल्टन्सीतून फोन आला. एक राउंड फोनवर, एक व्हिडिओवर, मग चाकणला प्लांटमध्ये बोलावलं. दोन रजा टाकल्या, रात्रीच्या बसने गेलो, रात्रीच्या बसने आलो. शेवटी एचआर म्हणाल्या, ५ लाख ४६ हजार. ‘विचार करून सांगतो’ म्हटलं आणि गप्प बसलो. आता दुसऱ्या एका कन्सल्टन्सीच्या मॅडमचा व्हॉट्सअॅपवर मेसेज आलाय, चाकणचंच काम आहे. आधीच पगाराचं विचारलं तर ‘हा पैशाच्याच मागे आहे’ म्हणून नाव कापतील अशी भीती वाटते. कधी विचारू आणि कोणत्या शब्दांत?

— एक वाचक, खानापूर

पहिल्याच उत्तरात विचारा. बोलणं त्यांनी सुरू केलंय, तुम्ही अर्ज केलेला नाही. जो स्वतः दारात येऊन ‘जागा आहे, येता का’ म्हणतो, त्याला ‘कितीत’ असं विचारण्यात वावगं काही नाही. तुम्ही आपणहून अर्ज केला असता तर एक पायरी थांबायला सांगितलं असतं. तेव्हा एचआरचा पहिला फोन येऊ द्यावा आणि तो संपता संपता विचारावं. पण टेक्निकल राउंडची वेळ ठरायच्या आत, हे दोन्हीकडे सारखंच.

नाव कापण्याची भीती कमी व्हावी म्हणून पलीकडच्या टेबलावर काय चालतं ते बघा. कंपनीकडून कन्सल्टन्सीला जागेची माहिती येते, तेव्हा कामाच्या वर्णनासोबत बहुतेक वेळा बजेटही आलेलं असतं. मॅडमसमोर एक एक्सेल शीट उघडी असते. तिच्यात नाव, अनुभव, सध्याची कंपनी, करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पीरियड, लोकेशन असे रकाने असतात आणि ते भरल्याशिवाय तुमचा सीव्ही पुढे जात नाही. म्हणजे पैशाचा विषय पहिल्या दिवशीच निघणार असतो, फक्त तो एकाच बाजूने निघतो. त्यांना तुमचा आकडा हवा असतो आणि तुम्ही त्यांचा मागायला संकोचता. कन्सल्टन्सीची फी कंपनी देते, तीही माणूस रुजू झाल्यावर. साधारण वार्षिक सीटीसीच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याच्या पगाराएवढी, असा करार बऱ्याच ठिकाणी असतो. तीन राउंड होऊन उमेदवार पगारावर अडला तर त्यांचीही मेहनत फुकट जाते. कामाची रिक्रूटर या प्रश्नाने चिडत नाही. चिडलीच, तर बहुधा बजेट इतकं कमी असतं की ते आधी सांगण्यात तिला अडचण असते.

आता तुमच्या ५ लाख ४६ हजारांकडे जरा नीट बघू. ४ लाख २० हजारांवर ३० टक्के वाढ केली की नेमका हाच आकडा येतो. म्हणजे तो त्या खुर्चीचा भाव नव्हता, तुमच्या बेळगावच्या पगाराला १.३ ने गुणलेलं होतं. आपल्या भागातल्या पोरांचं नुकसान होतं ते नेमकं इथे. उद्यमबाग, मच्छे इथला पगार चाकणच्या मानाने मुळातच कमी असतो. समजा त्या जागेचं मंजूर बजेट ६ ते साडेसात लाख असेल, तर पुण्यातच ५ लाखांवर असलेल्या माणसाला तीच ३० टक्के वाढ देऊन साडेसहा मिळतात आणि तुम्हाला बजेटच्या खालच्या टोकाच्याही खाली बसवता येतं. शिवाय ‘३० टक्के हाइक’ हे ऐकायला घसघशीत वाटतं, त्यामुळे माणूस खूशही होतो. म्हणून क्रम असा ठेवा की आधी त्यांच्या जागेचं बजेट कळलं पाहिजे, मग तुमचा सध्याचा आकडा.

तो आकडा लपवा किंवा फुगवून सांगा असं मात्र म्हणत नाही. शेवटी तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंट मागतात, काही कंपन्या पीएफचं पासबुकही बघतात. ४.२ चे ५.५ केलेले तिथे उघडे पडतात आणि हातात आलेली ऑफर जाते. नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल असेल तर करंट सीटीसी तिथे भरलेला असेलच, आणि मॅडमनी तो मेसेज करायच्या आधी पाहिलेला असण्याची शक्यता मोठी आहे. असू दे. आकडा त्यांना माहीत असला तरी बजेट विचारायचा तुमचा हक्क संपत नाही.

शब्दाचं म्हणाल तर ‘पगार किती देणार’ असं विचारू नका, ‘बजेट’ विचारा. ‘पगार किती देणार’ म्हटलं की बोलणं तुमच्यावर येतं, तुमची लायकी किती आणि मागणी किती. ‘बजेट’ म्हटलं की ते जागेबद्दल राहतं, आणि रिक्रूटर आपापसात हाच शब्द वापरतात. उद्या बेंगळुरूहून कुणी कन्नडमध्ये बोललं किंवा इंग्रजीत मेसेज आला तरी शब्द तोच चालतो, ही आपल्या सीमाभागातली एक सोय. प्रश्न एकटा पाठवू नका, पैशाचा एकच प्रश्न उघडा पडतो. दोन कामाच्या प्रश्नांच्या सोबतीला तिसरा म्हणून येऊ दे. मेसेज साधारण असा लिहा :

‘नमस्कार मॅडम. मी इंटरेस्टेड आहे. मशीनिंग पार्टच्या क्वालिटीत पाच वर्षं झाली. सध्या बेळगावात आहे, पुण्याला यायची तयारी आहे. तीन गोष्टी कळवाल का? प्लांट नेमका कुठे आहे, राउंड किती आणि त्यातले प्रत्यक्ष येऊन द्यायचे किती, आणि या पोझिशनचं मंजूर बजेट किती ते किती, त्यात फिक्स्ड किती. जुळत असेल तर आजच सीव्ही पाठवतो.’

तुम्ही सीएमएम चालवत असाल किंवा पीपॅपची कागदपत्रं करत असाल तर ते अनुभवाच्या वाक्यातच घाला. रिक्रूटरला शीटवर टाकायला नेमकं काहीतरी मिळतं आणि उत्तर द्यावंसं वाटतं. शेवटचं वाक्यही उगाच नाही. सीव्ही अजून तुमच्या हातात आहे हे त्यातून कळतं. एका कन्सल्टन्सीने तुमचा सीव्ही कंपनीकडे पाठवला की पुढे काही महिने तुम्ही त्यांच्या खात्यावर जमा असता. त्याच कंपनीची तीच जागा दुसऱ्याने आणली, किंवा तुम्ही थेट अर्ज केला, तरी ‘डुप्लिकेट’ म्हणून बाजूला पडू शकता. तेव्हा सीव्ही पाठवण्यापूर्वी निदान कंपनीचं नाव तरी कळून घ्या. पहिल्या मेसेजला काही जण नाव सांगत नाहीत, ते ठीक आहे. पण सीव्ही कुठे पाठवणार हे न सांगता सीव्ही मागणाऱ्याला तो देऊ नये.

सरळ उत्तर आलं तर उत्तमच. बहुतेक वेळा येतं ते वळणावळणाचं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे ‘ते इंटरव्ह्यूवर अवलंबून आहे’. यात अर्धं खरं असतं. अंतिम आकडा इंटरव्ह्यूवर ठरतो, पण तो ज्या दोन टोकांच्या मध्ये ठरायचा ती टोकं बहुतेक कंपन्यांत आधीच मंजूर झालेली असतात. तेव्हा लिहा, ‘बरोबर आहे मॅडम, नेमका आकडा नंतरच ठरेल. मंजूर बजेटचं खालचं आणि वरचं टोक कळलं तरी पुरे.’ दुसरं उत्तर, ‘तुमची अपेक्षा सांगा’. एकदा परत चेंडू त्यांच्याकडे टाकायला हरकत नाही : ‘जागेची जबाबदारी बघून सांगतो, बजेट कळलं तर लगेच हो किंवा नाही म्हणता येईल.’ दुसऱ्यांदा विचारलं तर ताणू नका, सांगून टाका, मात्र आकडा फिक्स्डचा सांगा. आणि ‘सहा ते आठ’ असं म्हणू नका. तुम्हाला आठ ऐकू जातात, त्यांना सहा. खालचा आकडा तोच द्यायचा, जो उद्या ऑफर लेटरवर आला तर तुम्ही खरंच सही कराल.

‘कंपनीच्या नियमाप्रमाणे ३० टक्के हाइक’ असं म्हणाल्या, तर टक्क्यांत अडकू नका, तिथल्या तिथे रुपये करा. ‘म्हणजे ५ लाख ४६ होतात. तेवढ्यात बेळगाव सोडून येणं जमणार नाही. हाइकची अट सोडून या जागेच्या बजेटमध्ये बघता येईल का?’ काही कंपन्यांत ही टक्केवारीची अट खरीच असते आणि तिथे रिक्रूटरच्या हातात काही नसतं. तेही पहिल्याच दिवशी कळलेलं बरं, बसचं भाडं वाचतं. आणि ‘बेस्ट इन इंडस्ट्री’ असं उत्तर आलं तर तो आकडा नव्हे. एकदा पुन्हा विचारा, तेच आलं तर पुढे जाऊ नका.

एक छोटा शब्द मात्र ध्यानात ठेवा, ‘पर्यंत’. ‘आठपर्यंत बजेट आहे’ म्हणजे वरचं टोक सांगितलं. लगेच विचारा, ‘पाच वर्षांच्या अनुभवाला त्यातलं साधारण किती बसतं?’

बजेट कळलं तरी काम अर्धंच झालं, कारण रिक्रूटर बोलतात ते सीटीसीत आणि घर चालतं हातात आलेल्यावर. समजा मॅडम म्हणाल्या ७ लाख २० हजार. बारांनी भागलं की ६०,००० दिसतात. आता यातले १० टक्के, म्हणजे ७२,००० व्हेरिएबल आहेत असं धरू. ते वर्षाअखेरीस, कंपनीचा नफा आणि तुमचं रेटिंग बघून मिळणार, कधी पूर्ण, कधी निम्मे. राहिले फिक्स्ड ६ लाख ४८ हजार. त्यात बेसिक निम्मा, महिन्याला २७,००० धरू. कंपनीने भरायचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के, महिना ३,२४०, वर्षाला ३८,८८०. तो सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला सुमारे १५,६००. कायम नोकरीत ती सहसा पाच वर्षं भरल्याशिवाय मिळत नाही, पण सीटीसीत पहिल्या दिवसापासून धरतात. मेडिक्लेमचा हप्ता ६,००० धरा. हे सगळं वजा केलं की ग्रॉस महिन्याला सुमारे ४९,००० उरतो. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ३,२४० आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) जातो. हातात साधारण ४५,५०० येतात. आयकर या पातळीवर नाही, आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत तो शून्य आहे.

साठ हजार ऐकून निघालेला माणूस साडेपंचेचाळीसवर येतो तो असा, आणि यात फसवणूक कुणीच केलेली नसते. काही कंपन्या पीएफ पूर्ण बेसिकवर न कापता १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० कापतात, तिथे हातात थोडे जास्त येतात. उलट काही ठिकाणी कँटीन आणि बसचे पैसे कापून घेतात. म्हणून बजेट कळल्यावर पुढचा प्रश्न इतकाच ठेवा : ‘यात व्हेरिएबल किती आणि कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आत धरलेत का?’ ‘इन हँड किती’ असं विचारलंत तर मॅडम अंदाजाने काहीतरी सांगतील. फिक्स्ड आणि व्हेरिएबल विचारलंत तर तुम्हीच घरी हिशोब कराल. फिक्स्डच्या साधारण ८४ टक्के हातात येतात, हे प्रमाण बेसिक निम्मा आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असेल तर जवळपास जुळतं.

तुमची किमान पातळी मॅडमना उत्तर लिहायच्या आधी काढून ठेवा. आज ३०,५०० हातात आहेत आणि घरचं जेवण, घरचं छप्पर आहे. चाकणला दोघांत खोली घेतली तर तुमच्या वाट्याला समजा ८,०००, मेस ४,५००, महिन्यातून एकदा गावी येणं-जाणं २,०००, वरखर्च १,०००. झाले १५,५००. हे आकडे उदाहरणाचे आहेत, चाकणला असलेल्या एखाद्या गाववाल्याला फोन करून खरे भरा. म्हणजे ४६,००० हातात आले तर तुम्ही आज आहात तिथेच राहता, फक्त घरापासून लांब. फिक्स्डमध्ये तो आकडा होतो सुमारे ६ लाख ५५ हजार. त्यावर महिन्याला ६,००० तरी जास्त शिल्लक पडावेत असं वाटत असेल तर ५२,००० हातात यायला हवेत, म्हणजे फिक्स्ड ७ लाख ४० हजारांच्या आसपास. मागच्या वेळचे ५ लाख ४६ सगळे फिक्स्ड होते असं मानलं तरी हातात ३८ हजारांच्या थोडं वर आले असते. आजच्याइतकंच घरी उरवायचं म्हटलं तर महिन्याला सात-आठ हजार कमी पडले असते. तेव्हा त्या ऑफरवर गप्प बसलात ते बरंच केलंत. फक्त एक करा, त्यांना ‘नको’ असं कळवून टाका, लटकत ठेवू नका. चाकणच्या कन्सल्टन्सी एकमेकींच्या ओळखीच्या असतात.

फोनवर बोलणं झालं आणि आकडा तोंडी सांगितला, तर फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर टाका : ‘मॅडम, आत्ता बोललो त्याप्रमाणे बजेट ६.५ ते ७.५, सगळं फिक्स्ड, दोन राउंड व्हिडिओवर आणि एक प्लांटमध्ये. बरोबर ना?’ यावर ‘हो’ आलं तरी त्याने कंपनी बांधली जात नाही, बांधतं ते ऑफर लेटर. पण शेवटच्या राउंडला एचआरने भलताच आकडा काढला तर वाद न घालता तो मेसेज पुढे ठेवता येतो. आणि प्लांटला प्रत्यक्ष बोलावण्याच्या आदल्या दिवशी एकदा विचारून घ्या, बजेट तेच आहे ना. मधल्या काळात जागेचा दर्जा खाली आलेला असतो किंवा आतल्याच माणसाला बढती दिलेली असते, आणि ते तुम्हाला कळवायचं राहून जातं.

ही सगळी पद्धत जिथे मध्ये रिक्रूटर आहे तिथली. उद्यमबागेतल्याच एखाद्या छोट्या युनिटचा मालक स्वतः बोलत असेल तर त्याच्याकडे बजेटचा कागद नसतो आणि सीटीसी शब्दाने तो गोंधळतो. तिथे मशीन बघून झाल्यावर, चहाच्या वेळी, ‘हातात किती आणि पीएफ धरून की सोडून’ असं सरळ विचारावं. आणि कुणी रजिस्ट्रेशन किंवा ट्रेनिंगचे पैसे आधी मागितले तर तो रिक्रूटर नव्हेच, नंबर ब्लॉक करा.

दुसऱ्या मॅडमना वरचा मेसेज आज-उद्यात पाठवा. दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. बजेट ६ ते ७ निघालं तर राउंड देऊन बघू असं करू नका, त्याच दिवशी लिहा : ‘मॅडम, फिक्स्ड ७ लाख ४० च्या खाली मला बेळगावहून यायला परवडणार नाही. तुमचा वेळ घेत नाही. बजेट वाढलं, किंवा कोल्हापूर, कागल बाजूला काही आलं तर जरूर कळवा.’ कागलची जागा आली तर किमान पातळी पुन्हा काढावी लागेल, कारण दर आठवड्याला घरी येता येत असेल तर मेस आणि प्रवासाचे आकडे बदलतात.